शून्यबिंदू ऊर्जेतलं शून्य नक्की कशाचं?

प्रश्न: ‘शून्यबिंदू ऊर्जा’ म्हणजे ऊर्जा शून्य असणं, की शून्यातून निघणारी ऊर्जा? आणि निर्वातात काहीच नसतं, तर तिथे ठेवलेल्या धातूच्या दोन प्लेट एकमेकींकडे ओढल्या कशा जातात?

दोन्ही अर्थ चुकीचे आहेत, कारण या शब्दातलं शून्य ऊर्जेचं नाहीच, ते तापमानाचं आहे. मूळ जर्मन शब्दातला ‘नुलपुंक्ट’ म्हणजे मोजपट्टीवरची शून्याची खूण, आणि इथे ती निरपेक्ष शून्य तापमानाची, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसची. आइनस्टाइन आणि ओटो स्टर्न यांच्या १९१३च्या लेखाच्या शीर्षकातच निरपेक्ष शून्यावरच्या रेणूंच्या हालचालीचा उल्लेख आहे. तेव्हा शब्द फोडायचा तो ‘शून्यबिंदूवरची ऊर्जा’ असा: सगळी उष्णता काढून घेतल्यावरही उरणारी. म्हणूनच ‘शून्य ऊर्जा’ असा संक्षेप मला खटकतो, अर्थ अगदी उलटा होतो.

ती का उरते, ते दोलकाकडे पाहिलं की कळतं. स्प्रिंगला टांगलेला गोळा ऊर्जाहीन व्हायचा तर तो नेमका मधोमध हवा आणि पूर्ण स्थिरही हवा. पुंजयामिकीत, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगाच्या नियमांत, स्थान आणि संवेग दोन्ही एकाच वेळी असे पक्के होऊ शकत नाहीत. गोळा मध्याशी जितका घट्ट बांधावा, तितका त्याचा वेग अनिश्चित होतो. या ओढाताणीत दोलकाची किमान ऊर्जा ½hν वर थांबते; इथे h हा प्लांकचा स्थिरांक आणि ν ही दोलकाची वारंवारता. हेलियम याचा उत्तम साक्षीदार आहे. नेहमीच्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठत नाही, कारण हलक्या अणूंची ही उरलेली थरथर त्यांना स्फटिकात बसू देत नाही. त्याला गोठवायला सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो.

आता ‘निर्वात’. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो फक्त वात नाही एवढंच सांगतो, काहीच नाही असा दावा करत नाही. हवा काढून घेतली, प्रकाश बंद केला, तरी विद्युतचुंबकीय क्षेत्र तिथे असतंच. त्या क्षेत्राची प्रत्येक लहर हिशोबाला एकेक दोलक असते, म्हणजे प्रत्येकीच्या नावावर ½hν आलीच.

दोन गुळगुळीत, विद्युतभार नसलेल्या प्लेट १ मायक्रोमीटर अंतरावर समोरासमोर धरा. लहर धातूच्या पृष्ठभागाशी जवळजवळ शून्य व्हायला हवी, म्हणून प्लेटना काटकोनात असलेल्या लहरींपैकी मध्ये अर्ध्या लहरींची पूर्ण संख्या मावेल अशाच टिकतात: तरंगलांबी २ मायक्रोमीटर, १, मग ०.६७ आणि पुढे. दीड मायक्रोमीटरच्या लहरीला तिथे जागा नाही. बाहेर मात्र अशी अट नाही. आतली बेरीज अनंत, बाहेरचीही अनंत, पण फार आखूड लहरींना धातू अडवतच नाही, त्यामुळे त्यांचा वाटा अंतरानुसार बदलत नाही आणि वजाबाकीत निघून जातो. उरलेला फरक मर्यादित असतो आणि प्लेट जवळ येतील तसा ऊर्जेचा आकडा खाली जातो. ऊर्जा ज्या दिशेने घटते त्या दिशेने बल लागतं, म्हणून ओढ. हेन्ड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये आदर्श धातूसाठी दर क्षेत्रफळामागचं हे बल काढलं: π²ħc/240d⁴. यात d म्हणजे प्लेटमधलं अंतर, c प्रकाशाचा वेग आणि ħ म्हणजे h भागिले 2π.

या सूत्रातला d⁴ महत्त्वाचा. १ मायक्रोमीटरला एका चौरस सेंटिमीटरवरची ओढ जेमतेम १३ मायक्रोग्रॅम वजनाएवढी भरते, आणि अंतर निम्मं केलं की ती सोळापट होते. मोजणाऱ्याची खरी अडचण दुसरीच आहे. प्लेटमध्ये फक्त १७ मिलिव्होल्टचा फरक राहिला, तरी १ मायक्रोमीटरला तेवढीच ओढ साध्या स्थिर विजेची मिळते, आणि असा फरक धातूंच्या पृष्ठभागांत आपोआप असतो. म्हणून उलटा व्होल्टेज देऊन तो आधी भरून काढतात, मग अंतर बदलत बल पाहतात: विजेची ओढ अंतराच्या वर्गाने घटते, कॅसिमिरची चौथ्या घाताने. प्लेट समांतर ठेवणंही इतकं अवघड की १९९७ मध्ये स्टीव्ह लामोरॉ यांनी एका प्लेटऐवजी गोलाकार पृष्ठभाग वापरला. गोल आणि सपाट यांच्यात ओढ तिसऱ्या घाताने घटते, पण समांतरतेची कटकट सुटते. खऱ्या समांतर प्लेटवरचं मोजमाप २००२ मध्ये झालं, सुमारे १५ टक्के अचूकतेने.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. हीच ओढ दोन्ही धातूंतल्या विद्युतभारांच्या परस्पर आकर्षणातूनही काढता येते आणि उत्तर तेच येतं. म्हणजे प्लेट ओढल्या जातात हे मोजलेलं सत्य आहे. ‘निर्वातात ऊर्जा साठलेली आहे’ हे त्याचं एक वाचन आहे. आणि ‘शून्यबिंदू ऊर्जेवर चालणारं यंत्र’ असं कुठे वाचलंत, तर प्लेट पुन्हा लांब कशा नेल्या एवढंच विचारा. जवळ येताना जेवढी ऊर्जा मिळते, तेवढीच त्यांना वेगळं करताना परत द्यावी लागते.