दोन्ही कंपाउंड एकाच टेस्टट्यूबमध्ये का येतात?

प्रश्न: 10% इथाइल ॲसिटेट-हेक्झेनमध्ये टीएलसीवर दोन स्वच्छ डाग येतात, आरएफ 0.6 आणि 0.45. मिश्रण 200 मिग्रॅ. त्याच सॉल्व्हंटमध्ये कॉलम दोनदा चालवला, तरी जवळजवळ सगळ्या ट्यूबमध्ये दोन्ही येतात. काय चुकतंय?

उत्तर: सॉल्व्हंट. टीएलसीवर जे छान दिसतं, ते कॉलमसाठी फार जोरकस असतं.

पदार्थ बाहेर यायला साधारण 1 भागिले आरएफ इतके कॉलम-व्हॉल्यूम सॉल्व्हंट लागतं. 10 ग्रॅम सिलिका घेतली तर एक व्हॉल्यूम अंदाजे 15 मिली धरा. तुमचा पहिला पदार्थ 25 मिलीला येणार, दुसरा 33 ला. मध्ये 8 मिली, त्यात पट्टे पसरलेले. आता इथाइल ॲसिटेट कमी करत प्लेटवर डाग 0.3 आणि 0.2 वर आणा; 4-5 टक्क्यांपासून सुरुवात करून बघा. मग पहिला 50 मिलीच्या आसपास, दुसरा 75 च्या. पट्टे थोडे रुंदावतील, पण अंतर 25 मिलीचं झालं.

आता पॅकिंग. दीड सेंमी व्यासाचा कॉलम, तळाशी कापसाचा बोळा (फार दाबून बसवू नका, थेंब अडतात), वर थोडी वाळू. सिलिका कोरडी ओतून वर सॉल्व्हंट टाकू नका: सॉल्व्हंट शोषताना ती गरम होते आणि बुडबुडे अडकतात. बीकरमध्ये हेक्झेनमध्ये कालवा, उष्णता तिथेच जाऊ द्या, मग पातळ स्लरी एका दमात ओता. तोटी उघडी ठेवून काचेवर रबरी ट्यूबने हलके ठोकत राहा. हे फ्यूमहूडमध्येच, मास्क लावून. सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. शेवटी थर सुमारे 11 सेंमी होईल. सॉल्व्हंटची पातळी थराच्या वरच्या टोकाखाली कधीही जाऊ द्यायची नाही. एमएस्सीला मी तोटी उघडी ठेवून चहाला गेलो होतो. परत आलो तर थराला वरपासून उभी भेग, पदार्थ त्या भेगेतूनच धावला.

मिश्रण अगदी कमी सॉल्व्हंटमध्ये विरघळवून टाका. ते फक्त डीसीएममध्येच विरघळत असेल तर एक ग्रॅम सिलिकावर सुकवून ती पूड वर पसरा, नाहीतर डीसीएमच पदार्थाला पुढे ढकलतं.

ट्यूबमध्ये 5-5 मिली घ्या. पहिला पदार्थ 10व्या ट्यूबच्या आगेमागे, दुसरा 15व्याच्या. प्रत्येक दुसऱ्या ट्यूबचा थेंब एकाच प्लेटवर ओळीने लावून 254 नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली बघा. फ्रॅक्शन पातळ असतं, म्हणून एकाच जागी तीन-चारदा लावा, मधे वाळू द्या. एकदाच लावून "ट्यूब रिकामी" म्हणणारे खूप पाहिलेत. मधल्या ज्या दोन-तीन ट्यूबमध्ये दोन्ही डाग दिसतील, त्या वेगळ्या ठेवा. उतारा वाढवायच्या मोहात त्या शुद्ध ट्यूबमध्ये ओतू नका.