अल्सर असताना संकष्टी, एकादशी आणि नवरात्र: गोळीची वेळ, फराळ आणि पाणी

प्रश्न: आईचं वय ५८. एंडोस्कोपीत ड्युओडेनममध्ये अल्सर निघाला, एच. पायलोरी पॉझिटिव्ह होता. चौदा दिवसांचं किट संपून तीन आठवडे झालेत. आता पँटोप्राझोल ४० रोज सकाळी उपाशीपोटी चालू आहे. ती संकष्टीला दिवसभर चहा-पाण्यावर राहते आणि चंद्रोदयानंतर जेवते. एकादशी असते, पुढे नवरात्र येतंय. ऐकत नाही. गोळी नेमकी कधी द्यायची आणि काय खायला द्यायचं?

उत्तर:

आधी गोळीचं बघू, कारण उपवासाच्या दिवशी सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या पोटात तयार असलेलं ॲसिड मारत नाहीत. जठराच्या पेशींमध्ये ॲसिड बाहेर टाकणारे पंप असतात, ते या गोळ्या बंद करतात. पण चालू झालेलाच पंप त्यांच्या तावडीत सापडतो आणि पंप मोठ्या संख्येने चालू होतात ते अन्न पोटात गेल्यावर. गोळीचं औषध रक्तात फार काळ टिकत नाही, तास-दीड तासात निम्मं उरतं. म्हणून गोळी घेतल्यावर अर्धा ते पाऊण तासात खाल्लं, तर औषध रक्तात भरपूर असतानाच पंप जागे होतात आणि बंद पडतात. एकदा बंद पडलेला पंप दिवसभर कामाचा राहत नाही.

उपवासाच्या दिवशी साधारणपणे सहाला गोळी, मग अंघोळ, पूजा, अथर्वशीर्षाची आवर्तनं, नऊच्या सुमारास कोरा चहा आणि मग रात्रीपर्यंत काही नाही, असा क्रम असतो. गोळी ‘उपाशीपोटी’ घेतली जाते खरी, पण तिच्यामागून खाणं येत नाही. औषध येऊन निघून जातं, बरेचसे पंप सुटतात. जठर उपाशी असतानाही थोडं थोडं ॲसिड सोडतच असतं आणि ते शोषून घ्यायला अन्न नसतं. ड्युओडेनमच्या अल्सरची कळ रिकाम्या पोटी आणि मध्यरात्रीनंतर उठते ती यामुळेच. म्हणजे आईंनी गोळी घेऊनही संध्याकाळी पोटात जळत असेल, तर गोळी लागू पडत नाही असा लगेच निष्कर्ष काढू नका.

म्हणून नियम एवढाच की गोळीनंतर अर्ध्या ते पाऊण तासाने काहीतरी खाणं पोटात गेलंच पाहिजे. उपवासाला चालणारं असलं तरी हरकत नाही. गोळी चावायची किंवा कुटायची नाही, वरचं आवरण आतड्यापर्यंत टिकावं लागतं.

मात्र त्याआधी हे पाहा की सध्या उपवास करायचाच का. किटचे चौदा दिवस तर अजिबात नाही, कारण तेव्हा प्रतिजैविकांच्या वेळा चुकल्या की जंतू उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. तुमचा तो टप्पा संपला आहे. पण अल्सर भरायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टर तपासून ‘भरला’ म्हणेपर्यंत उपवास पुढे ढकला. शिवाय अजून एक नाजूक काळ येणार आहे. जंतू गेला का हे बघायला श्वासाची किंवा शौचाची चाचणी होते. ती प्रतिजैविकं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करतात आणि तिच्या आधी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवायला सांगतात. गोळी थांबली की ॲसिड नेहमीपेक्षा जोरात उसळू शकतं. त्या दोन आठवड्यांत संकष्टी आली तर ती सोडून द्या. तेवढ्या काळात जळजळीसाठी काय घ्यायचं, हे चाचणी ठरवतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आईंना पटवायला एक आधार देतो. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत एक श्लोक नेहमी उद्धृत होतो: ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः। हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥’ पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे सकाळी गोळी, मग एक केळं आणि दिवसभर पाणी घेऊनही संकष्टी होते. वडीलधाऱ्यांपुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा हा श्लोक जास्त उपयोगी पडतो.

आता संकष्टीचा दिवस प्रत्यक्ष कसा लावायचा ते सांगतो. चंद्रोदय साधारण रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो, म्हणजे खरी अडचण दिवसभराच्या मोठ्या पोकळीची आहे. साडेसहाला साध्या पाण्याबरोबर गोळी. सव्वासातला एक पिकलेलं केळं आणि राजगिऱ्याच्या लाह्या अर्धा कप कोमट दुधात. चहा हवाच असेल तर त्यानंतर अर्धा कप, आधी नाही. रोजचा चहा एकदम बंद केला की दुपारी डोकं धरतं आणि मग घरातली डोकेदुखीची गोळी शोधली जाते. ती फार महागात पडते, त्याकडे शेवटी येतो.

साडेदहाला उकडलेलं रताळं, मुठीएवढं. दीड वाजता मऊ शिजवलेली वरई: एक भाग वरईला चार भाग पाणी, जिरं, चमचाभर तूप, सैंधव आणि सोबत ताजं, आंबट न झालेलं ताक. भगर बंद पाकिटातली घ्या, सुटं पीठ नको. खराब भगरीने उलट्या-चक्कर सुरू झाली तर अल्सरचाच त्रास समजून वेळ वाया जातो. साडेचारला नारळपाणी आणि पपईच्या फोडी, साडेसातला अर्धी वाटी साबुदाण्याची पातळ खीर. दर तीन तासांनी थोडं खायचं, एवढं सांभाळलं की ॲसिडला काही ना काही काम मिळत राहतं.

चंद्रोदयानंतरचं जेवण हाच दिवसातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. भुकेलेल्या पोटी मोदक, वरण-भात, तळण, चटणी असं भरपेट खाऊन अकराला आडवं व्हायचं, आणि रात्री दोनला कळ उठते. नैवेद्याचा एक मोदक, मऊ वरण-भात, थोडी पडवळाची किंवा दुधीची भाजी एवढंच ठेवा आणि झोपायच्या आधी दोन तास जाऊ द्या. चंद्रोदय दहाचा असेल तर आदल्या फराळातच पोट बरंचसं भरू द्यावं आणि नंतर फक्त प्रसाद घ्यावा.

डॉक्टरांनी गोळी दोनदा दिली असेल, तर दुसरी रात्रीच्या जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. एकच असेल तर ‘आज उशिरा जेवणार’ म्हणून सकाळची सोडून रात्री घेणं किंवा स्वतःहून दुसरी वाढवणं नको. रात्री कळ येतच असेल तर झोपताना फॅमोटिडीन देता येतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. रोज घेत राहिलं तर त्याचा जोर ओसरतो. अँटासिडचं पातळ औषध रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या-पाऊण तासात जठरातून निघून जातं. खाल्ल्यावर तासाभराने घेतलं तर दोन-तीन तास काम करतं, म्हणून ते फराळाला जोडून ठेवा. सुक्राल्फेट चालू असेल तर ते याच्या उलट, खाण्याच्या तासभर आधी. त्याच्या आगेमागे अर्धा तास अँटासिड नको.

साबुदाणा खिचडीबद्दल विचारलं नाहीत, पण घरात तीच होणार. साबुदाणा स्वतः गरीब आहे, नुसता स्टार्च. जड पडतं ते तेल-तूप, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. स्निग्ध पदार्थांनी पोट उशिरा रिकामं होतं, मिरचीने आधीच सोललेल्या जागी झोंबतं. मिरचीने अल्सर होत नाही, पण असलेला दुखतो. मिरचीऐवजी जिरं आणि थोडं आलं, कूट निम्मं, तूप चमचाभर अशी खिचडी वाटीभर चालेल. बटाट्याचे तळलेले वेफर्स आणि साबुदाणे वडे नकोत. दुधाचाही गैरसमज फार आहे. थंड दूध प्यायल्यावर पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, पण त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने पुढे ॲसिड उलट वाढतं. कपभर ठीक, ग्लासामागून ग्लास नको.

पाण्यासाठी: दिवसभरात दोन लिटरच्या आसपास, तासाला एक पेला, हळूहळू. एकदम दोन पेले ढोसले तर पोट ताणलं जातं आणि पाणी लगेच पुढेही निघून जातं, जळजळीवर त्याचा आराम काही मिनिटांचा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. लिंबू सरबत आणि कोकम रिकाम्या पोटी देऊ नका. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पाण्याचं आणि नारळपाण्याचं प्रमाण आधी विचारून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर त्यांच्या वेळाही वेगळ्या विचाराव्या लागतील, नाहीतर साखर उतरते.

एकादशीला हेच वेळापत्रक, फक्त रात्रीही फराळच. द्वादशीला पारणं सकाळी असतं, म्हणून त्या दिवशी गोळी पारण्याच्या पाऊण तास आधी. ज्येष्ठातली निर्जला एकादशी आणि निर्जळी हरतालिका मात्र अल्सरच्या माणसाने करू नये. नवरात्राचे नऊ दिवस एकभुक्त राहणं मला अजिबात योग्य वाटत नाही. ‘उठता-बसता’ म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस फराळी करावा. नाहीतर धान्यफराळ उत्तम: तांदूळ भाजून केलेला मऊ भात किंवा भाजलेल्या रव्याची खीर. वरईपेक्षाही पोटाला सौम्य, आणि व्रतही पाळलं जातं.

डोकेदुखीचं राहिलं होतं. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन हे उपवासाच्या रिकाम्या पोटी अल्सरमधून रक्त काढू शकतात. फार्मसीतल्या अनेक ‘कॉम्बिनेशन’ गोळ्यांमध्ये ते असतात, म्हणून पाकिटावरचं घटकाचं नाव वाचा. लागलंच तर फक्त पॅरासिटामॉल ५००. हृदयासाठी लहान ॲस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा.

डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौचास झाली (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण सहसा चिकट आणि तशा वासाची नसते), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, उभं राहताना घेरी आली, किंवा अचानक असह्य दुखून पोट फळीसारखं कडक झालं, तर अँटासिड देऊन वाट बघू नका. तोंडाने पाणीसुद्धा न देता थेट मोठ्या रुग्णालयात न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.