नोकरीच्या मुलाखतीचा मराठी संवाद: जमेची बाजू, कमतरता आणि कामातला खंड

प्रश्न: मी पुण्यात हिंदी मातृभाषेच्या प्रौढांना मराठी शिकवते. रोजचं बोलणं त्यांना येतं, आता मुलाखतीचा संवाद घ्यायचा आहे. जमेच्या बाजू, कमतरता आणि अनुभवातली खोट यांवरची उत्तरं त्यात असावीत. नमुना द्याल का, आणि विद्यार्थी कुठं अडतील?

उत्तर:

जागा ठरवून घेतली की भाषा आपोआप नेमकी होते. म्हणून इथं एका नागरी पतसंस्थेतल्या लेखापालाची जागा घेतली आहे. पतसंस्थेचं कामकाज मराठीतच चालतं, आणि ठेवी, थकबाकी, वसुली, ताळमेळ हे शब्द मुलाखतीत येतातच. उमेदवार बाई आहेत.

व्यवस्थापक: बसा. थेट कामाचंच बोलूया. तुमची जमेची बाजू कुठली?

उमेदवार: ताळमेळ लावणं मला चांगलं जमतं, सर. आधी मी औषधांच्या घाऊक दुकानात होते. आमच्याकडे बँकेचा ताळमेळ दर महिन्याला मीच लावायचे. एकदा 2,700 रुपयांचा फरक निघाला. फरकाला नऊनं पूर्ण भाग जात होता, म्हणून आकडे उलटे पडले असतील असं वाटलं. नोंदी तपासल्या, तर 6,300चा चेक 3,600ला पडलेला सापडला.

व्यवस्थापक: आणि कमी कुठं पडता?

उमेदवार: काम दुसऱ्यावर सोपवणं मला जड जातं. पूर्वी सगळ्या नोंदी मी स्वतःच करत बसायचे आणि महिनाअखेरीला उशीर व्हायचा. शेवटच्या वर्षी नोंदी हाताखालच्या मुलीकडे दिल्या आणि रोज संध्याकाळी त्यातल्या दहा पडताळून बघायला लागले. सवय पूर्ण सुटलेली नाही, पण उशीर थांबला.

व्यवस्थापक: मध्ये दोन वर्षांचा खंड दिसतोय.

उमेदवार: हो. सासूबाई आजारी होत्या आणि घरी दुसरं कोणी नसल्यामुळे नोकरी सोडावी लागली. त्या काळात दोन दुकानांची जीएसटीची विवरणपत्रं मी घरून भरत होते, त्यामुळे टॅलीचा हात सुटला नाही.

व्यवस्थापक: पुन्हा तशी वेळ आली तर?

उमेदवार: आता दीर-जाऊ शेजारीच राहायला आलेत, त्यामुळे सगळा भार माझ्यावर नाही.

व्यवस्थापक: थकबाकी वसुलीचं काय? 101ची प्रकरणं केलीत?

उमेदवार: नाही सर, ते काम मी केलेलं नाही. वसुलीचा दाखला कशासाठी लागतो ते माहीत आहे, पण प्रकरण तयार केलेलं नाही. दुकानाच्या थकलेल्या बिलांची यादी काढून दर सोमवारी फोन करायचं काम मात्र तीन वर्षं केलंय. सुरुवातीला कोणाच्या हाताखाली बसायला मिळालं, तर शिकून घेईन.

(101 म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधलं कलम 101. थकीत कर्जाच्या वसुलीचा दाखला त्याखाली मिळतो. संस्थेतली माणसं नुसतं ‘एकशेएक’ म्हणतात, तेव्हा तसंच वाचून घ्या.)

आता विद्यार्थी कुठं घसरतील ते. पहिली जागा ‘जमतं’ची. हिंदीतलं ‘कर सकती हूँ’ डोक्यात असल्यामुळे प्रत्येक वाक्यात ‘मी करू शकते’ येतं. ते चुकीचं नाही, पण पाचदा आलं की उत्तर पोकळ वाटतं, कारण त्यातून फक्त शक्यता कळते. कौशल्य सांगायचं असेल तर ‘मला टॅली येतं’, ‘मला विवरणपत्र भरता येतं’, आणि हातखंडा असेल तर ‘मला ते चांगलं जमतं’. ‘माझी ताकद’ हेही हिंदीतून आलेलं. मराठीत ‘जमेची बाजू’ म्हणतात, आणि हिशेबाच्या जागेसाठी तो शब्द शोभतोही.

सगळ्यांत जास्त वेळ ‘बसायचे’ आणि ‘भरत होते’ यांना द्या. हिंदी बोलणारे दोन्हीकडे ‘करत होते’ वापरतात, कारण ‘करती थी’ दोन्ही कामं भागवतं. मराठीत ‘करत बसायचे’ म्हटलं की पूर्वीची सवय कळते, आणि पुढं ‘पण आता…’ येणार अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा तयार होते. कमतरतेच्या उत्तराला नेमकं तेच हवं असतं. ‘भरत होते’ म्हणजे एका ठरावीक काळात चालू असलेलं काम, म्हणून ते खंडाच्या उत्तरात बसतं. दोन्हींची अदलाबदल करून वर्गात मोठ्यानं वाचा. खंडाच्या उत्तरात ‘भरायचे’ आलं की ती जुनी सवय वाटते आणि दोन वर्षं सलग काम चालू होतं हा मुद्दा निसटतो.

तिसरी जागा बारीक आहे, पण मुलाखतीत महागात पडते. ‘मी केलं नाही’ आणि ‘मी केलेलं नाही’ यांत फरक आहे. ‘वसुलीचं काम मी केलं नाही’ ऐकून समोरच्याला वाटतं, काम दिलं होतं पण टाळलं. ‘केलेलं नाही’ म्हटलं की अनुभवच नाही एवढंच कळतं. अनुभव नसल्याची कबुली नेहमी ‘-लेलं नाही’नं द्यायला शिकवा, आणि मागोमाग ‘मात्र’ लावून सगळ्यांत जवळचं केलेलं काम. त्या वाक्यात आकडा हवा (दर सोमवारी, तीन वर्षं). नाहीतर ‘मात्र’ नुसती सबब वाटते.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा गोंधळ तुम्ही रोज ऐकत असाल. ‘हम’ दोन्हींना चालतं, म्हणून विद्यार्थी जुन्या दुकानाबद्दल ‘आपण दर महिन्याला करायचो’ म्हणतात, आणि त्यात व्यवस्थापकसाहेबही सामील होतात. जुनी नोकरी म्हणजे कायम ‘आम्ही, आमच्याकडे’. समोरच्या संस्थेला ‘तुमच्याकडे’ किंवा आदरानं ‘आपल्या संस्थेत’.

शिवाय ‘शिकणे’. हिंदीत ‘मैंने सीखा’ असल्यामुळे ‘मी टॅली शिकलं’ येतं. हे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं: बाई ‘मी शिकले’, पुरुष ‘मी शिकलो’. ‘मी’ला ‘ने’ दिसत नसल्यामुळे विद्यार्थ्याला वाक्य बघून काहीच खूण मिळत नाही, म्हणून हे पाठच करून घ्यावं लागतं.

वर्गात घेताना आधी उमेदवाराची वाक्यं झाकून फक्त प्रश्न वाचा आणि प्रत्येक उत्तराला चाळीस सेकंद द्या. त्यापुढं उत्तर लांबलं तर बहुतेक वेळा स्वभाववर्णन सुरू झालेलं असतं, ते तिथंच तोडा. मग नमुना दाखवा. दुसऱ्या फेरीत उमेदवार पुरुष करा: होते, लावायचे, लागले, बसायचे, भरत होते ही रूपं होतो, लावायचो, लागलो, बसायचो, भरत होतो अशी बदलतील. ‘काम केलंय’, ‘नोंदी तपासल्या’ मात्र तशीच राहतील, कारण ती कर्माप्रमाणे चालतात. कोण कुठं थबकतं ते टिपून ठेवा. पुढच्या तासाला नेमकं काय घ्यायचं ते त्या टिपणांतूनच ठरेल.