एकाच मेलमध्ये ‘आणि’च्या आधी कधी कॉमा, कधी नाही

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये कामांची, नावांची किंवा तारखांची यादी लिहिताना शेवटच्या ‘आणि’च्या आधी मी कधी कॉमा देते, कधी देत नाही. एकाच मेलमध्ये दोन्ही आलं तर काही बिघडतं का?

बिघडतं. विशेषतः जिथे वाचणाऱ्याला यादीतल्या गोष्टी मोजून त्याप्रमाणे काम करायचं असतं तिथे. माझं रोजचं काम इतरांचे मेल आणि परिपत्रकं तपासण्याचं आहे, त्यामुळे हा घोळ सतत समोर येतो. हा मेल पाहा:

“तपासणीची जबाबदारी नेहा, इम्रान, आणि सुजाता यांच्याकडे आहे. हिशोब जुळवणे, पावत्या स्कॅन करणे आणि फाइल पाठवणे ही कामं वरच्या क्रमाने वाटून घ्या.”

पहिल्या वाक्यात ‘आणि’च्या आधी कॉमा आहे. तो पाहून वाचणारा नकळत धरून चालतो की या मेलमध्ये प्रत्येक बाब कॉमाने तोडली आहे. दुसऱ्या वाक्यात तो कॉमा नाही, म्हणून ‘पावत्या स्कॅन करणे आणि फाइल पाठवणे’ हे त्याला एकच, जोडीचं काम वाटू शकतं. मग स्कॅनिंग आणि फाइल दोन्ही इम्रानकडे जातं आणि सुजाताच्या वाट्याला काहीच उरत नाही. दोन्हीकडे कॉमा असता किंवा दोन्हीकडे नसता, तर ही शंका आली नसती. म्हणजे एकेकटं वाक्य चुकीचं नाही, दोघांची सोबत चुकीची आहे.

कोणती पद्धत निवडायची? मराठीत साधारणपणे ‘आणि’च्या आधी कॉमा देत नाहीत, तेव्हा मराठी मेलला तीच ठेवा. इंग्रजीत मतभेद आहेत: शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल हा कॉमा द्यायला सांगतं, तर असोसिएटेड प्रेसच्या पद्धतीत साध्या यादीत तो गाळतात आणि गोंधळ होणार असेल तिथेच देतात. तुमच्या ऑफिसचा काही नियम असेल तर तो पाळा, नसेल तर एक पद्धत धरा आणि तो मेल संपेपर्यंत सोडू नका. यादीत दोनच बाबी असतील तर मात्र हा प्रश्नच येत नाही. ‘नेहा, आणि इम्रान’ असं कोणत्याच पद्धतीत लिहीत नाहीत.

कॉमा न देण्याची पद्धत धरली की एक अडचण येते. एखाद्या बाबीतच ‘आणि’ असेल तर? ‘हिशोब, खरेदी आणि साठा आणि वाहतूक’ यात विभाग तीन की चार, कळत नाही. मराठीत यावर सोपा उपाय आहे: आतल्या जोडीला ‘व’, बाहेरच्या जोडणीला ‘आणि’. ‘हिशोब, खरेदी व साठा आणि वाहतूक’ असं लिहिलं की विभाग तीनच.

नावांच्या यादीत उलट होतं, तिथे कॉमाच अडचण करतो. ‘नेहा, विभागप्रमुख, आणि इम्रान’ म्हणजे माणसं तीन, की नेहाच विभागप्रमुख असल्याने दोन? इथे एका जागी कॉमा काढून पद्धत मोडण्यापेक्षा क्रम बदला. ‘नेहा, इम्रान, आणि विभागप्रमुख’ यात तीन माणसं आहेत हे स्पष्ट होतं. नुसतं हुद्द्याने लिहायचं असेल तेव्हा मी तो हुद्दा नेहमी शेवटी टाकते.

तारखांमध्ये वारही लिहिला की बाबीच्या पोटातच कॉमा येतो. ‘सोमवार, 3 मार्च, बुधवार, 5 मार्च आणि शुक्रवार, 7 मार्च’ हे वाचताना डोळा अडखळतो. तिथे अर्धविराम वापरा: ‘सोमवार, 3 मार्च; बुधवार, 5 मार्च; आणि शुक्रवार, 7 मार्च’. बाकी मेलमध्ये तुम्ही ‘आणि’च्या आधी कॉमा देत नसलात तरी इथला शेवटचा अर्धविराम ठेवा. नाहीतर शेवटच्या दोन तारखा एका गटात पडल्यासारख्या दिसतात.

ही मिसळ बहुतेकदा जुन्या मेलमधली यादी जशीच्या तशी चिकटवल्याने होते, किंवा यादी लिहून झाल्यावर मागून एक नाव घुसडल्याने. म्हणून पाठवण्याआधी मेलचा मजकूर एखाद्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा, Ctrl+F दाबून ‘आणि’ शोधा (इंग्रजी मेल असेल तर and) आणि प्रत्येक जागी आधी काय आहे ते बघा. ‘व’ आणि ‘किंवा’ यांच्यासाठीही तेच करा. खाली दुसऱ्याचा जुना मेल जोडलेला असेल तर त्यातले कॉमे बदलू नका, तो मजकूर त्यांचा आहे.

आणि कामं माणसांना वाटून द्यायची असतील, तर मी ती वाक्यात लिहीतच नाही. प्रत्येक ओळीवर एक नाव आणि त्यापुढे त्याचं काम लिहिते.