लोकलचा प्रवास, कानातला आवाज आणि घरी पोचल्यावरची चिडचिड

प्रश्न : डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाते. गोंगाट नको म्हणून इयरफोन लावते, तरी घरी येते तेव्हा डोके भणभणलेले असते. असे का?

उत्तर : कारण आपण गोंगाट बंद केलेला नाही, त्यावर दुसरा चढवला आहे. साधा इयरफोन बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही, त्यामुळे डब्यातल्या खडखडाटावर गाणे ऐकू यावे म्हणून बोट आपोआप आवाज वाढवत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. मात्र दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि ९० डेसिबलला जेमतेम ४ तास उरतात. जाऊन-येऊन अडीच तास धरले, तर सोमवारी सुरू झालेला आपला आठवड्याचा वाटा मंगळवारी संध्याकाळी घरी पोचण्यापूर्वीच संपतो. पडताळा सोपा आहे : उतरताना आवाजाला हात लावू नका आणि सकाळी शांत खोलीत तोच आवाज ऐका, दचकलात, तर उत्तर मिळाले. त्याऐवजी औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे घ्या. बोळा बोटांत वळून बारीक करा, कान वर आणि मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसता टेकवलेला बोळा निरुपयोगी असतो. फलाटावर आणि रूळांजवळ मात्र कान मोकळेच हवेत. उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ‘होईल बरे’ म्हणत महिने काढलेले रुग्ण मी रोज पाहतो; आणि एका कानाचे ऐकू येणे अचानक कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच खरे उपयोगी पडतात.

प्रश्न : गर्दीत दीर्घ श्वास घ्या म्हणतात. मला उलट गरगरते.

उत्तर : आपण भराभर आणि खोल श्वास घेत असणार, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि गरगरते. नाकाने चार अंक मोजत सावकाश घ्या, सहा मोजत सोडा आणि ठाण्यापासून मुलुंडपर्यंत एवढेच करा. दात आवळलेले असतील तर सैल सोडा. तरीही गरगरले, तर थांबा आणि तपासून घ्या.

प्रश्न : मनगटावर लावायची ‘तणावमुक्ती पट्टी’ घ्यावी का?

उत्तर : नाही.

प्रश्न : दादरला गर्दी चढली की छाती आवळते, घाम फुटतो. शेजारी म्हणतात, घाबरटपणा आहे.

उत्तर : शेजाऱ्यांनी ईसीजी काढला होता का? ही भीतीच्या झटक्याची लक्षणे असू शकतात, तशीच हृदयविकाराचीही, आणि फरक बाहेरून ओळखता येत नाही. आधी फिजिशियनकडे जा, हृदय ठीक निघाले तर मनोविकारतज्ज्ञांकडे. आवळणे काही मिनिटांत थांबले नाही किंवा हातात, जबड्यात कळ आली, तर पुढच्या स्थानकावर उतरा, मदत मागा आणि थेट रुग्णालयात जा.