एकच पोस्ट सगळीकडे टाकताना नेमकं काय बिघडतं

प्रश्न: मी एकटाच सगळं सांभाळतो. एकच पोस्ट कॉपी करून इन्स्टा, एक्स, फेसबुक, व्हॉट्सॲप सगळीकडे टाकली तर खरंच फरक पडतो का? की प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहायचं?

फरक पडतो, पण बहुतेक लोक सांगतात त्या जागी नाही. "प्रत्येक प्लॅटफॉर्मचा टोन वेगळा असतो" हे ऐकून लोक इन्स्टावर इमोजी ओततात आणि लिंक्डइनवर उपदेश करायला लागतात. माझ्या मते टोन शेवटी बघायची गोष्ट आहे. त्याआधी पोस्ट त्या जागी पोहोचेपर्यंत धड राहते का, ते बघा.

मी फावल्या वेळात सायकल दुरुस्तीवर लिहितो. चेन झिजली आहे का, हे साध्या इंचपट्टीने कसं मोजायचं यावर एक पोस्ट केली होती. मुद्दा एवढाच: पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचांच्या खुणेवर बरोबर आणखी एका पिनेचा मध्य येतो. ती पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर मागच्या चक्राचे दातेही बहुधा झिजलेले असतात. सोबत आडवा फोटो, मग सविस्तर व्हिडिओची लिंक. लिहिलं व्हॉट्सॲपसाठी आणि तेच उचलून चारही ठिकाणी टाकलं.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे "खालच्या लिंकवर बघा" या वाक्याला अर्थच उरला नाही. कॅप्शनच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकी 'मोअर'च्या मागे जातं. माझ्या पहिल्या दोन ओळी "नमस्कार मित्रांनो, बऱ्याच दिवसांनी लिहितोय" यात संपल्या. सगळ्यात वाईट अवस्था फोटोची झाली. प्रोफाइलच्या चौकटीत आडव्या फोटोचा फक्त मधला भाग दिसतो, दोन्ही कडा कापल्या जातात. आणि माझ्या फोटोत बघण्यासारखं जे काही होतं, म्हणजे शून्य आणि १२ची खूण, ते नेमकं त्या कडांवर होतं. उरली ती मधली काळी चेन.

एक्सवर वेगळीच गंमत. साध्या खात्याला २८० वर्णांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'दुरुस्ती' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, एक्सच्या हिशेबात तो ८ वर्ण खातो. लिंक कितीही लांब असो, तिचे २३. मी पोस्ट एका टूलमधून पाठवली होती. त्याने मर्यादा येताच मजकूर तोडला. तो तुटला "१/१६ इंच पुढे गेली असेल तर" इथे! पुढे काय करायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. शिवाय व्हॉट्सॲपवर शब्द ठळक करायला लावलेल्या चांदण्या इतर ठिकाणी नुसत्या चांदण्याच दिसल्या. आणि ज्या ओळखीच्या मेकॅनिकला टॅग केलं होतं, त्याचं वापरकर्ता-नाव एक्सवर भलत्याच माणसाचं निघालं. त्या बिचाऱ्याला दिवसभर चेनबद्दलचे प्रश्न गेले.

यातली एकही चूक टोनची नाही. ही चूक झाली की नाही हे ओळखणंही सोपं आहे: लाइक मोजू नका, प्रतिक्रिया वाचा. "लिंक कुठंय?", "पुढे काय?", "फोटोत काही कळत नाही" असं कुणी विचारत असेल तर मजकूर चांगला आहे, तो ठेवलाय चुकीचा.

आता माझी पद्धत अशी आहे. आधी एका साध्या नोटमध्ये तीन गोष्टी लिहितो: काय सांगायचंय, ते कशावरून, आणि वाचणाऱ्यानं काय करायचं. हे कुठेच बदलत नाही. बदलते ती पहिली ओळ, चित्राची चौकट आणि लिंकची जागा. एक्सवर थेट निष्कर्ष: "१२ इंचांच्या खुणेपासून पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला." तिथली पोस्ट कुणीतरी उचलून दुसरीकडे दाखवतो, म्हणून ती एकटी वाचली तरी कळली पाहिजे. "कालच्या पोस्टमध्ये म्हटल्याप्रमाणे" तिथे चालत नाही. इन्स्टावर तोच फोटो नव्याने काढला: पट्टी उभी धरून, ४:५ मध्ये, आणि १२च्या खुणेचा जवळून वेगळा दुसरा फोटो. यूट्यूबवर माणूस बऱ्याचदा शोधत येतो, म्हणून शीर्षक तो टाइप करेल तसं: "सायकलची चेन झिजली कशी ओळखायची". रील बघणारा मात्र काहीच शोधत नसतो, त्याला पहिल्या क्षणी पट्टी आणि पिन दिसली पाहिजे, माझा चेहरा नाही. लिंक्डइनवर मी हे टाकतच नाही, तिथे ते वाचायला कुणी येत नाही. नोट तयार असली की या सगळ्याला अर्धा तास लागतो. तेवढाही नसेल तर दोनच ठिकाणं निवडा.

व्हिडिओची मूळ फाइल, कुठल्याही ॲपचा शिक्का नसलेली, जपून ठेवा. दुसऱ्या ॲपचा लोगो दिसणारे रील्स आम्ही कमी सुचवू, असं इन्स्टाग्रामनं २०२१ मध्येच सांगितलं होतं. आणि "एकदा टाकलं की आपोआप सगळीकडे जातं" या जोडण्यांवर फार विसंबू नका. इन्स्टाग्रामनं डिसेंबर २०१२ मध्ये ट्विटरवर फोटो दिसण्याची सोय बंद केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती परत येईपर्यंत तिकडून शेअर केलेला फोटो तिथे नुसती लिंक म्हणून दिसायचा.

एका प्रकारात मात्र मी मुद्दाम शब्दन् शब्द सारखा ठेवतो: सूचना. राईड रद्द झाली, वेळ बदलली, एखाद्या सुट्या भागात दोष सापडला. इथे प्रत्येक ठिकाणी वेगळे शब्द वापरले की लोकांना दोन वेगळ्या सूचना आहेत असं वाटतं आणि "नक्की कुठली खरी?" असे फोन येतात. फक्त 'उद्या' लिहू नका, तारीख लिहा. फीडमध्ये पोस्ट दोन दिवसांनीही समोर येते.

वेगवेगळं करण्याची एक किंमत कुणी सांगत नाही. मी एकदा १/१६ च्या जागी १/८ लिहून बसलो. म्हणजे लोकांनी मागचे दातेही घालवून मग चेन बदलली असती. कॉपी-पेस्ट असती तर कॉपी-पेस्टनंच दुरुस्त झाली असती. इथे चार ठिकाणी चार वेगळी वाक्यं होती, प्रत्येकात तो आकडा शोधावा लागला. एक्सवर साध्या खात्यातून संपादन होत नाही, म्हणून ती पोस्ट काढून नव्याने टाकली. रीलमध्ये तर तो आकडा व्हिडिओवरच मोठ्या अक्षरात होता, ते पूर्ण उडवावं लागलं, खालच्या सगळ्या प्रश्नोत्तरांसकट. तेव्हापासून मोजमापाचे आकडे मी व्हिडिओवर टाकत नाही, कॅप्शनमध्ये लिहितो. आणि कुठला आकडा कुठे कुठे गेलाय, ते त्याच नोटच्या तळाशी टिपून ठेवतो.