सबस्क्रिप्शन कॅन्सल करून रिफंड काढून देतो म्हणणारा एजंट आधी 499 भरायला सांगतोय, खरा आहे का?

नाही, भरू नका. मी नाशिकमधे ग्राहक तक्रारींचे अर्ज भरून देतो आणि असल्या केसमधे क्रम ठरलेला असतो, आधी 499 'प्रोसेसिंग', मग रिफंड मंजूर झाला पण जीएसटी अडकलाय म्हणून अजून थोडे, आणि शेवटी स्क्रीन शेअर करायला लावतात किंवा क्यूआर पाठवून पिन टाकायला सांगतात. इथेच ओळखा, पैसे खात्यात यायला पिन कधीच लागत नाही आणि खरा रिफंड कंपनीकडून सहसा ज्या कार्डावरून किंवा खात्यातून पैसे गेले तिथेच येतो, मधल्या माणसाच्या हातात काही नसतं. सबस्क्रिप्शन कॅन्सल करायचं काम फुकटच आहे, यूपीआय अ‍ॅपमधे ऑटोपे उघडून मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची दिलेली परवानगी, रद्द करा. कापलेल्या पैशांसाठी कंपनीला लेखी मेल करा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार करा, तीही फुकट. फक्त मॅन्डेट रद्द केल्याने पुढचे हप्ते थांबतात, आधी गेलेले आपोआप परत येत नाहीत. आणि वकील फी घेतो ते वेगळं, तो पावती देतो, रिफंडची गॅरंटी देत नाही. एजंटला पैसे भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन 1930 ला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.